स्पर्धकांच्या विषयांची यादी पाठवण्याआधी हे वाचा

‘आमच्या स्पर्धकाने एवढे विषय लिहिलेत, आमच्याकडे त्यातले निम्मेही नाहीत, ते लिहून द्या’ अशी मागणी ब्लॉगसाठी लेख लिहून देताना आमच्याकडे सारखी येते. सोबत शीर्षकांची यादी असते. अशी यादी जशीच्या तशी लिहायला घेतली की बऱ्याचदा वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात, कारण त्यातले बरेच विषय तुमच्या ब्लॉगवर वेगळ्या नावाने आधीच असतात. मग एकाच प्रश्नाला तुमची दोन पानं उत्तर देतात. गूगल कधी एक दाखवतं, कधी दुसरं, आणि दोन्ही मागेच राहतात.

म्हणून आम्ही शीर्षकाला शीर्षक लावत नाही. वाचकाचा प्रश्न कोणता आणि त्याला तुमचं कोणतं पान उत्तर देतं, हे जुळवतो.

घराच्या छतावर सोलर बसवून देणाऱ्या व्यवसायाचं उदाहरण घ्या. स्पर्धकाकडे ‘सोलर बसवल्यावर वीजबिल शून्य येतं का?’ हा लेख आहे. तुमच्या यादीत या नावाचं काही नाही, म्हणून ती उणीव वाटते. पण तुमच्या ‘नेट मीटरिंग म्हणजे काय’ या लेखात सातव्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की छतावर तयार झालेले युनिट बिलातून वळते झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. उत्तर आहे, फक्त सापडत नाही.

हे ओळखायचं कसं? तुमची साइट गूगलवर कोणत्या शोधांना दिसते ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये Performance उघडा, मुदत १६ महिन्यांची ठेवा आणि Query च्या फिल्टरमध्ये `Custom (regex)` निवडून हे टाका:

```
(सोलर|सौर|solar).*(बिल|bill)
```

मराठी वाचक कधी देवनागरीत शोधतो, कधी रोमन लिपीत, म्हणून दोन्ही रूपं हवीत. ‘पॅनेल’, ‘पॅनल’ अशा शुद्धलेखनाच्या जोड्याही विसरू नका. आता वरचं Average position चालू करा आणि Pages वर क्लिक करा. नेट मीटरिंगच्या पानाचा सरासरी क्रमांक इथे विसाव्या-तिसाव्याच्या आसपास दिसत असेल, तर विषय सुटलेला नाही, पान कमजोर आहे. नवा लेख नको. त्याच पानावर तो प्रश्न ठळक उपशीर्षक म्हणून वर आणा आणि खाली नमुना बिल दाखवून कोणती रक्कम का राहते ते सांगा.

एकही पान दिसलं नाही, तरी लगेच लिहायला बसू नका. तुमचं पान गूगलच्या नोंदीतच नसेल, तरी असंच रिकामं दिसतं. त्यामुळे साइटमॅपमधली, म्हणजे साइटच्या पानांच्या यादीतली, पानंही डोळ्यांखालून घालावी लागतात. वर्डप्रेसवर साइटमॅप बहुधा `/wp-sitemap.xml` इथे असतो, योस्ट हे प्लगइन वापरत असाल तर `/sitemap_index.xml` इथे.

याच उदाहरणात ‘हाउसिंग सोसायटीला अनुदान किती?’ हा विषय मात्र खरी उणीव ठरतो. पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, हे तुम्ही लिहिलेलं असतं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचा वेगळा हिशोब आहे, तो कुठेच नसतो. वाचक वेगळा, आकडा वेगळा, निर्णय घेणारी कमिटी वेगळी, म्हणून पानही वेगळं हवं.

उणिवेचा एक प्रकार शीर्षकांच्या यादीत कधीच दिसत नाही. अनुदानावरचा तुमचा लेख फेब्रुवारी २०२४ पूर्वीचा, म्हणजे योजना येण्याआधीचा असेल, तर विषय दोघांकडे असूनही तुमचा आकडा जुना आहे. असं पान आम्ही सर्वांत आधी दुरुस्त करतो. आणि स्पर्धक शेतीच्या सोलर पंपावर भरभरून लिहीत असेल, पण तुम्ही पंप बसवतच नसाल, तर तो विषय आम्ही यादीतून काढून टाकतो. तिथून येणारा फोन तुमच्या कामाचा नसतो.

स्पर्धक निवडतानाही घोळ होतो. समोरच्या रस्त्यावरचं दुकान हा धंद्यातला स्पर्धक. तुमच्या मुख्य पाच-सहा प्रश्नांवर गूगलच्या पहिल्या पानावर जे वारंवार दिसतात, ते लेखनातले स्पर्धक. त्यातले तीन-चार पुरतात.

‘पहिल्या आठवड्यात एकही लेख का आला नाही?’ असं विचारलं जातं. तो आठवडा या जुळवणीला जातो आणि त्याचे पैसे आम्ही घेतो. त्याबदल्यात तुम्हाला एक तक्ता मिळतो: प्रश्न, स्पर्धकाचं पान, तुमचं पान आणि निर्णय. निर्णय चारच, नवं लिहा, आहे ते वाढवा, जुनं दुरुस्त करा, सोडून द्या. हा तक्ता तुमचाच, पुढचं लेखन दुसरीकडून करून घेतलं तरी चालेल.

काम सुरू करायला सर्च कन्सोलच्या Users and permissions मधून आम्हाला Restricted परवानगी द्या, तेवढी पुरते. पासवर्ड पाठवू नका. सोबत तुम्ही कोणती कामं करता आणि कोणती करत नाही, ते चार ओळींत लिहा. ग्राहक फोनवर जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून दिलेत, तर जुळवणी बरीच लवकर होते.