डिलिव्हरेबल आणि टास्क: कार्यक्रम आखताना होणारी गल्लत

समजा, वस्तीतल्या लोकांसाठी एक दिवसाचा पुस्तक-अदलाबदल मेळावा भरवायचा आहे. पहिल्या बैठकीत बहुधा अशी यादी निघते: हॉल बुक करणे, पोस्टर, छापखान्याशी बोलणे, स्वयंसेवक, कूपन, टेबलं लावणे. या यादीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी मिसळल्या आहेत. ‘कूपन’ ही शेवटी हातात येणारी वस्तू आहे, तर ‘छापखान्याशी बोलणे’ ही ती वस्तू मिळवण्यासाठी करायची कृती. पहिलं डिलिव्हरेबल, दुसरं टास्क.

वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे डब्ल्यूबीएस, ही डिलिव्हरेबलची उतरंड असते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या मोठ्या प्रकल्पांत ही पद्धत रुजली आणि 1968 मध्ये त्या खात्याने तिचं मानकही काढलं. वर मेळावा, त्याखाली जागा, पुस्तकसाठा, प्रसिद्धी, स्वयंसेवक गट, आवराआवर आणि या सगळ्याचं व्यवस्थापन. नियम एकच, पण कडक: खालच्या फांद्यांची बेरीज वरच्या फांदीइतकीच भरली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. त्याला शंभर टक्क्यांचा नियम म्हणतात.

हा नियम कृतींच्या यादीला लावता येत नाही, आणि माझ्या मते गल्लत टाळण्याचं खरं कारण हेच आहे. कृती कितीही सुचत राहतात, त्या पूर्ण झाल्या का हे कशाशी ताडून पाहायचं? वस्तूंचं तसं नसतं. ‘पुस्तकसाठा’ उलगडून पाहा: 2.1 तपासून स्वीकारलेली पुस्तकं, 2.2 विषयवार मांडलेली टेबलं, 2.3 कूपन. एवढ्याने पुस्तकसाठा पुरा झाला का? नाही, कारण संध्याकाळी उरलेल्या पुस्तकांचं काय, हे कुठेच नाही. म्हणून 2.4: उरलेली पुस्तकं ठरलेल्या ठिकाणी पोचलेली. पण तेच काम ‘आवराआवर’मध्येही लिहिलेलं असेल तर एका जागेवरून काढायचं. नाहीतर दोन्ही गट एकमेकांवर विसंबून राहतात आणि खोकी हॉलमध्येच पडून राहतात.

ही फोड कुठे थांबवायची? ‘आठ ते ऐंशी तास’ हा प्रचलित ठोकताळा आहे: सर्वांत खालच्या खणाला, म्हणजे वर्क पॅकेजला, साधारण इतके मेहनतीचे तास लागावेत. फावल्या वेळात काम करणाऱ्यांसाठी ऐंशी तास फारच होतात. एकाच माणसाकडे सोपवता येईल आणि झालं की नाही हे बघून सांगता येईल, इथे थांबावं.

टास्कची पाळी त्यानंतर. 2.3 घेऊ. प्रत्येक पुस्तकामागे एक कूपन द्यायचं आहे. कामं अशी: देवाणघेवाणीचे नियम ठरवणे, 2 दिवस, मजकूर आणि मांडणी तपासून घेणे, 1 दिवस, छपाई, 4 दिवस, कापून क्रमांक घालणे, 1 दिवस. एकामागून एक, एकूण 8 दिवस. यातल्या छपाईत आपली मेहनत तासाभराचीच, पण दिवस चार जातात. वेळापत्रकात हे चार दिवस धरायचे असतात. मेहनतीचे तास धरले तर तारखा हमखास चुकतात.

शिवाय पुस्तकं स्वीकारणं मेळाव्याच्या 10 दिवस आधी सुरू करायचं आहे, आणि पुस्तक घेतलं की तिथेच कूपन द्यायचं. म्हणजे 2.1 मधलं ‘स्वीकृती सुरू करणे’ हे टास्क 2.3 मधल्या शेवटच्या टास्कवर अडकलेलं आहे. कूपन मेळाव्याआधीच्या 11व्या दिवसाअखेर तयार हवीत. मागे मोजत गेलं, तर नियम ठरवायला मेळाव्याच्या 18 दिवस आधी बसावं लागतं. हे डब्ल्यूबीएसमध्ये कुठेच दिसत नाही, कारण त्यात आधी-नंतर नसतंच. 2.1 आधी आणि 2.3 नंतर हे फक्त क्रमांक आहेत. ते कामाचा क्रम समजून कूपन मागे ठेवली, तर पुस्तकं घेऊन आलेल्या लोकांना देण्यासाठी हातात काहीच नसतं.

खण चुकीचा भरला आहे हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे झाल्यावर दाखवायला काय असेल? ‘प्रसिद्धीची बैठक घेणे’ याला उत्तर नाही. ‘लावलेली पोस्टरं’ याला आहे. डब्ल्यूबीएसच्या खणात तारीख लिहावीशी वाटली, तर तिथे बहुतेक टास्क शिरलेलं असतं.

दोन्ही कागद वेगळे ठेवावेत, पण टास्कला मूळ खणाचा क्रमांक द्यावा: 2.3.1, 2.3.2. छापखान्याने दोन दिवस उशीर केला, तर फक्त वेळापत्रक सरकतं, डब्ल्यूबीएस तसाच राहतो. पण समितीने कूपनच रद्द करून वहीत नोंद ठेवायचं ठरवलं, तर 2.3 हा खण बदलतो, त्याखालची चारही टास्क जातात, आणि स्वीकृती सुरू करण्याआधी आता काय तयार हवं, हे नव्याने ठरवावं लागतं.