सात टक्के खरे, पण रुपयात की डॉलरमध्ये?
(परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आणि सांगलीतल्या त्यांच्या घरच्यांसाठी)

विश्रामबागेतले एक काका मुलाच्या ठेवीची पावती घेऊन ऑफिसात आले. "दुबईत एवढं व्याज कुठं मिळतंय हो?" म्हणाले. व्याज चांगलंच होतं. पण मुलाला दोन वर्षांनी तिकडेच फ्लॅट घ्यायचाय, हे बोलता बोलता कळलं आणि सगळं गणित फिरलं.

परदेशातली कमाई इथे दोन प्रकारे ठेवता येते. एनआरई ठेवीत डॉलरचे रुपये होतात आणि व्याज रुपयात मिळतं. एफसीएनआर ठेवीत डॉलर डॉलरच राहतो. त्यावर व्याज बहुधा कमी असतं, मुदत एक ते पाच वर्षं. अनिवासी असेपर्यंत दोन्हींचं व्याज भारतात करमुक्त आहे, आणि दोन्हींतली रक्कम परत बाहेर नेता येते.

आता आकडे मांडू. दर समजण्यापुरते धरलेत, आजचे नाहीत. १०,००० डॉलर ८३ रुपयांनी आणले, म्हणजे ८,३०,००० रुपये. एनआरईत ७ टक्क्यांनी वर्षाअखेर ८,८८,१०० झाले. तेवढ्यात डॉलर ८७ वर गेला, तर परत नेताना हातात सुमारे १०,२०८ डॉलर येतात. म्हणजे डॉलरमध्ये कमाई जेमतेम दोन टक्के! तेच पैसे एफसीएनआरमध्ये साडेचार टक्क्यांनी ठेवले असते, तर १०,४५० डॉलर झाले असते. हरिपूरच्या पेवात हळद कितीही नीट ठेवली, तरी पैसे विकायच्या दिवशीच्या भावानेच मिळतात, तसंच हे.

मग एनआरई कधी परवडतं? ८,८८,१०० ला १०,४५० ने भागा. उत्तर येतं साधारण ८५ रुपये. वर्षाअखेर डॉलर याच्या खाली राहिला तर एनआरई सरस, वर गेला तर एफसीएनआर. ठेव करण्याआधी बँकेकडून दोन्हींचे त्या दिवसाचे दर घेऊन हा एक भागाकार कराच. डॉलर कुठे जाईल हे आम्ही सांगत नाही. सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

या हिशोबात बँकेचा खरेदी-विक्रीतला फरक धरलेला नाही. येताना पन्नास पैसे आणि जाताना पन्नास पैसे गेले, तरी एका डॉलरमागे रुपया जातो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत परत न्यायचे पैसे रुपयात आणूच नयेत, असं आमचं मत. मिरजेतल्या घराचा हप्ता किंवा आई-वडिलांचा खर्च रुपयातच भागवायचा असेल, तर त्यापुरती रक्कम बिनधास्त एनआरईत ठेवा.

दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून दुबईकरांनी हिशोब डॉलरचाच धरावा. युरो किंवा पौंड कमावणाऱ्यांनी मात्र आपल्याच चलनात भागाकार करावा. अमेरिकेत करदाते असाल, तर इथलं करमुक्त व्याज तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.

दोन्ही ठेवी वर्षाच्या आत मोडल्या तर व्याज शून्य. काकांच्या मुलाची ठेव अकराव्या महिन्यात होती. आम्ही ती महिनाभर तशीच ठेवायला सांगितली.