बिल ३,६०,०००, मंजूर २,३३,६०० : आरोग्य विम्याच्या क्लेमचा हिशेब कसा लागतो

"विमा पाच लाखांचा, बिल साडेतीन लाखांचं. मग सगळं मिळायलाच हवं ना?" क्लेमची कागदपत्रं घेऊन येणारी निम्मी माणसं पहिल्यांदा हेच विचारतात. घोळ इथूनच सुरू होतो, कारण विमा रक्कम, म्हणजे सम इन्शुअर्ड, ही फक्त वरची मर्यादा असते. वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त किती देईल, एवढंच ती सांगते. एखाद्या बिलातले किती पैसे मिळतील ते डिडक्टिबल, म्हणजे आधी तुम्ही सोसायची ठरलेली रक्कम, को-पे, म्हणजे मान्य खर्चातला तुमचा टक्क्यांतला वाटा, आणि खोलीभाड्याची मर्यादा ठरवतात. आणि या कपाती कोणत्या क्रमाने लावल्या जातात, यावरही बरंच अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ. चौसष्ट वर्षांच्या एका बाईंची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. पॉलिसी जुनी होती आणि या शस्त्रक्रियेचा प्रतीक्षा कालावधी केव्हाच उलटला होता, त्यामुळे क्लेम पात्र आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. विमा रक्कम ५,००,०००. खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० पर्यंत. साठीनंतर पॉलिसी घेतली म्हणून प्रत्येक क्लेमवर २० टक्के को-पे. डिडक्टिबल नाही. बाई सहा दिवस दवाखान्यात होत्या आणि ५,००० वाली खोली रिकामी नाही म्हणून ८,००० वाली घेतली होती.

बिल असं होतं: खोलीभाडं ४८,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सिंग आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,१२,०००, औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य १,१०,०००, गुडघ्याचं इम्प्लांट ६०,०००, तपासण्या २२,०००, आणि नोंदणी फी वगैरे, जे पॉलिसीत बसतच नाही, ते ८,०००. एकूण ३,६०,०००.

न बसणारे ८,००० आधीच गेले. खोलीभाड्यात दिवसाला ५,००० प्रमाणे ३०,००० मान्य झाले आणि वरचे १८,००० बाईंच्या माथी. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढची कपात मात्र जिव्हारी लागते. पात्रतेपेक्षा महागडी खोली घेतली तर कंपनी भाड्यातला फरक तर कापतेच, शिवाय खोलीच्या वर्गानुसार बदलणारे बाकीचे आकारही त्याच प्रमाणात कापते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. इथे प्रमाण ५,००० ला ८,०००, म्हणजे आठात पाच. डॉक्टर, नर्सिंग आणि थिएटरच्या १,१२,००० पैकी ७०,०००च मान्य झाले, ४२,००० उडाले. दिवसाला ३,००० जास्तीची खोली घेतली आणि मान्य रकमेतून गेले ६०,०००.

या कपातीला नियमाने कुंपण घातलेलं आहे, ते लक्षात ठेवा. औषधं आणि साहित्य, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे आकार यांना हे प्रमाण लावता येत नाही. ज्या दवाखान्यात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथेही लावता येत नाही. म्हणून या बिलातले १,१०,०००, ६०,००० आणि २२,००० पूर्ण धरले गेले. मी सेटलमेंट लेटर हातात घेतलं की आधी हेच तपासतो. सरसकट सगळ्या बिलाला एकच प्रमाण लावलेलं दिसलं, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते.

आता मान्य रक्कम झाली ३०,००० अधिक ७०,००० अधिक १,९२,०००, म्हणजे २,९२,०००. को-पे तिच्यावर लागतो, मूळ बिलावर नाही. २० टक्के म्हणजे ५८,४००. कंपनीने दिले २,३३,६००. बाईंच्या घरून गेले १,२६,४००, आणि त्यातले ५८,४०० सोडले तर उरलेल्या ६८,००० चा को-पेशी काही संबंध नव्हता. घरच्यांचा समज मात्र "को-पेने मारलं" असाच होता.

याच पॉलिसीत ५०,००० चं डिडक्टिबल असतं तर? डिडक्टिबल म्हणजे क्लेममधला सुरुवातीचा ठरलेला भाग, तो तुमचा. त्याच्या वर जे जाईल तिथून कंपनीची जबाबदारी सुरू होते. को-पे टक्क्यांत असतो म्हणून बिलाबरोबर वाढतो, डिडक्टिबल रुपयांत असतं म्हणून तिथेच थांबतं. दोन्ही असतील तर आधी कोणतं, हे पॉलिसीच्या शब्दांत शोधावं लागतं. आधी डिडक्टिबल वजा केलं तर उरतात २,४२,०००, त्याचे ८० टक्के १,९३,६००. आधी को-पे लावून मग ५०,००० वजा केले तर १,८३,६००. त्याच दोन कपाती, फक्त क्रम उलटा, आणि फरक १०,००० चा.

विमा रकमेच्या मर्यादेचंही असंच आहे, फक्त आकडे मोठे. समजा मान्य खर्च ७,००,००० झाला. को-पे त्यावर लावला तर कंपनीचा वाटा ५,६०,०००, तो मर्यादेमुळे ५,००,००० वर थांबतो. पण आधी ५,००,००० ला रेघ मारून मग को-पे कापला, तर मिळतात ४,००,०००. एका लाखाचा फरक एका वाक्यात लपलेला असतो: को-पे "मान्य क्लेम रकमेवर" आहे, आणि मान्य क्लेम रक्कम म्हणजे काय याची व्याख्या पॉलिसीत दुसऱ्याच पानावर. ती दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. डिडक्टिबल किंवा को-पेमुळे विमा रक्कम कमी होत नाही, ती कंपनीने प्रत्यक्ष दिलेल्या पैशांनीच कमी होते. या बाईंच्या खात्यात वर्षाच्या उरलेल्या काळासाठी २,६६,४०० शिल्लक राहिले. मान्य झालेले २,९२,००० वजा करून २,०८,००० दाखवले असते, तर तेही चुकीचं ठरलं असतं.

डिडक्टिबलचा खरा उपयोग टॉप-अपमध्ये, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर घेतलेल्या जास्तीच्या कव्हरमध्ये दिसतो. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एकाच नावाचे दोन प्रकार वाटतात, पण हिशेब वेगळा. घरात ५,००,००० ची मूळ पॉलिसी आहे आणि वर ५,००,००० डिडक्टिबलचं कव्हर घेतलं आहे असं धरा. वर्षात दोनदा दवाखाना झाला, आधी ३,००,००० आणि नंतर ४,००,०००. मूळ पॉलिसी पहिल्या वेळी ३,००,००० आणि दुसऱ्या वेळी उरलेले २,००,००० देते. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो. दोन्ही क्लेम ५,००,००० च्या आत, म्हणून हाती शून्य. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो, ७,००,००० मधून ५,००,००० वजा करून उरलेले २,००,००० देतो. हप्त्यात थोडी बचत होते म्हणून साधा टॉप-अप घेणाऱ्यांची मला नेहमी काळजी वाटते. डिडक्टिबलची रक्कम तुम्ही खिशातून भरली की दुसऱ्या पॉलिसीतून, याने फरक पडत नाही. बिलं मात्र दाखवावी लागतात.

आता कागदांकडे. कॅशलेसमध्ये, म्हणजे दवाखान्याचे पैसे कंपनीच थेट भरते तेव्हा, नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दवाखान्याच्या विमा डेस्कवर हेल्थ कार्ड, ओळखपत्र आणि डॉक्टरांनी भरलेला प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा फॉर्म आधी द्यायचा. प्री-ऑथची मंजुरी म्हणजे अंतिम हिशेब नव्हे. खरी कापाकापी डिस्चार्जच्या वेळी होते. नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. खोली निवडण्याआधी त्याच डेस्कवर विचारा: माझी पात्रता कितीची, आणि या खोलीने बाकीचे दर बदलतात का? उत्तर लिहून मिळालं तर उत्तम.

आधी पैसे भरून नंतर मागणार असाल तर क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात, पहिला तुम्ही भरायचा, दुसरा दवाखान्याने सही-शिक्क्यानिशी. सोबत डिस्चार्ज कार्ड, बाबवार फोड असलेलं अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसह तपासण्यांचे अहवाल, इम्प्लांट असेल तर त्याचं बिल आणि पाकिटावरचं स्टिकर, केवायसीचे कागद आणि रद्द केलेला चेक. फोड नसलेलं एकरकमी बिल दिलं की क्लेम तिथेच अडतो. प्रमाण कशाला लावायचं आणि कशाला नाही, हे फोडीशिवाय ठरवताच येत नाही.

सुपर टॉप-अपचा क्लेम वेगळ्या कंपनीकडे असेल, तर मूळ कागद पहिल्या कंपनीकडे गेलेले असतात. म्हणून सगळं देण्याआधी पूर्ण संचाची झेरॉक्स काढून दवाखान्याकडून साक्षांकित करून घ्या. दुसऱ्या कंपनीला ही प्रत आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर लागतं. ऑपरेशनपूर्वीच दुसऱ्या कंपनीलाही कळवून ठेवा, "आधी मूळ पॉलिसीतून मिळू दे, मग बघू" म्हणत थांबू नका. कळवायची मुदत दवाखान्यात दाखल होण्यापासून मोजली जाते.

सेटलमेंट लेटरमध्ये प्रत्येक कपातीसमोर पॉलिसीतलं कलम असायला हवं. नुसतं "अटींनुसार कपात" लिहिलं असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला बिलाच्या ओळी आणि आकडे देऊन लेखी विचारा. भावनिक पत्रापेक्षा "इम्प्लांटच्या ६०,००० वर आठात पाच प्रमाण लावलं आहे, ते काढा" हे एक वाक्य जास्त काम करतं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही, पण कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत तेच सेटलमेंट लेटर, तेच फोड असलेलं बिल आणि कंपनीला पाठवलेल्या पत्राची पोच जोडायची.