बीपीच्या लॅबसाठी ऑब्जेक्टिव्ह: अप्लाय कुठलं आणि ॲनालाइज कुठलं

आमच्या बेळगावकडं स्किल्स लॅबचा लेसन प्लॅन लिहायला घेतला की एक घोळ हमखास होतो. ऑब्जेक्टिव्हमध्ये क्रियापद बदललं म्हणजे लेव्हल बदलली असं धरतात, म्हणजे "बीपी मोजून दाखवतील" हे अप्लाय आणि त्याच्याच खाली "बीपीचं विश्लेषण करतील" असं लिहिलं की झालं ॲनालाइज. पण दोन्हीची परीक्षा घेताना चेकलिस्ट एकच वापरत असाल तर ते ऑब्जेक्टिव्हही एकच आहे की ओ.

ब्लूमच्या 2001 च्या सुधारित मांडणीत या दोन पायऱ्या एकाला एक लागून आहेत, म्हणून गोंधळ होतो. अप्लायमध्ये पद्धत आधीच ठरलेली असते, ती नव्या माणसावर नीट वापरायची. ॲनालाइजमध्ये आकडा आधीच समोर असतो आणि तो तसा का आला हे सुटं करून बघायचं. (हाताचं कौशल्य हा आणखी वेगळा विषय, त्याची पायरी वेगळी लिहायची.)

अप्लायचं ऑब्जेक्टिव्ह मी असं लिहिते: "जोडीदाराला 5 मिनिटं बसवून, दंडाचा घेर टेपनं मोजून, मापाचा कफ निवडून विद्यार्थिनी बीपी घेईल, आणि तिचा आकडा दुहेरी स्टेथोस्कोपवर ऐकणाऱ्या टीचरच्या आकड्याच्या 4 मिलिमीटरच्या आत येईल." 4 हा आकडा मी माझ्या बॅचसाठी ठरवलाय, तुम्ही तुमचा ठरवा. कफ निवडायचा नियम तिला ठाऊक आहे, आतला ब्लॅडर दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के लांब आणि 40 टक्के रुंद पाहिजे. पल्स हाताला लागायची बंद होते तिथून 30 वर फुगवायचं, मग सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटरनं सोडत यायचं. हे सगळं चेकलिस्टवर टिक करता येतं, आणि अप्लायला तेवढंच बघायचं असतं.

ॲनालाइजला चेकलिस्ट चालत नाही. मी एक केस देते: खानापूरहून आलेल्या 58 वर्षांच्या मावशी, जिना चढून आल्या आणि लगेच स्टुलावर बसल्या, हात बाजूला लोंबकळत, हृदयाच्या लेव्हलपेक्षा 15 सेंमी खाली. दंडाचा घेर 38 सेंमी, कफचा ब्लॅडर 23 सेंमी लांब. सिस्टरनी भराभर हवा सोडली, आकडा आला 156/100. सकाळी भाकरी खाल्ली होती हेही लिहिलेलं असतं. ऑब्जेक्टिव्ह असं: "दिलेल्या नोंदीतली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते, खाली ओढते की काहीच करत नाही हे विद्यार्थिनी वेगळं करून कारणासकट सांगेल."

आता यात काय काय निघतं बघा. 38 चे 80 टक्के म्हणजे 30 सेंमी, ब्लॅडर 23 चाच, म्हणजे आकडा खोटा वर जातो. हात 15 सेंमी खाली म्हणजे जवळजवळ 12 मिलिमीटर वर, कारण दर 2.5 सेंमीला साधारण 2 मिलिमीटर. जिना चढल्यामुळंही वरच. पण हवा भराभर सोडली की पहिला आवाज निसटतो, त्यामुळं वरचा आकडा खरा असतो त्याहून कमी वाचला जातो आणि खालचा जास्त. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. सगळ्या चुका एकाच दिशेच्या दिल्या तर मुली "मॅडम, सगळंच चुकलंय, परत घ्यायचं" एवढं म्हणून मोकळ्या होतात आणि ते उत्तर चेकलिस्ट पाठ असली तरी येतं, पण एक उलटी चूक आणि एक बिनकामाची भाकरी आत घातली की विचार करावाच लागतो.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हीच केस लेक्चरमध्ये सोडवून दाखवली आणि लॅबमध्ये परत दिली तर ते ॲनालाइज राहत नाही, ती आठवण झाली. ओळखायचं कसं? सगळ्या जणी त्याच क्रमानं, त्याच शब्दांत उत्तर देतात. तेव्हा नुसता एक तपशील बदला, कफ मोठा द्या नाहीतर हात उशीवर वर उचलून ठेवा, आणि "आता काय होईल" विचारा. पाठ केलेली तिथंच अडकते.

आणखी एक अडचण. सिम्युलेटरचा हात साधारण आपण सेट केलेलाच आकडा देतो, कफ लहान घ्या नाहीतर हात खाली सोडा. अप्लायला तो चांगला, आवाज सगळ्यांना सारखा मिळतो. ॲनालाइजला मात्र जिवंत दंड लागतो. मी एका मुलीला खुर्चीत टेकून बसवते, हात टेबलावर हृदयाच्या लेव्हलला, आकडा घ्यायचा, 1 मिनिट थांबायचं, मग तोच हात तसाच खाली सोडून परत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर फरक कशाचा ते कळणार नाही. मागच्या बॅचला 114/72 चे 126/84 झाले आणि मागं उभी असलेली चिकोडीची मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, मग वॉर्डात बेडखाली हात सोडून झोपलेल्या आज्जीचं काल मी घेतलेलं बीपी?"