ताटाच्या डाव्या बाजूचे सोडियम

रक्तदाब वाढल्याचे कळल्यावर लोणचे-पापड बंद केले आणि आठवड्याभरात किलोभर चरबी उतरली, असे सांगणारे अनेकजण भेटतात. वजन खरोखर उतरलेले असते, पण त्यात चरबी फारच थोडी असते. 1 किलो चरबी घटण्यासाठी सुमारे 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते, म्हणजे रोज 500 कॅलरी कमी घेतल्या तरी पंधरा दिवस लागतात. त्या पहिल्या आठवड्यात शरीरातून जाते ते मुख्यतः पाणी, आणि ते का जाते हे समजले की मीठ, चरबी आणि रक्तदाब यांचा संबंधही उलगडतो.

रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात सोडियमचे प्रमाण किती असावे, याबाबत शरीर अतिशय काटेकोर असते. शिरेतून देण्याच्या सलाइनमध्ये 1 लिटरला 9 ग्रॅम मीठ असते, ते या द्रवाशी जुळावे म्हणूनच. त्यामुळे शरीरात 9 ग्रॅम मीठ जादा साठले, की तहान आणि मूत्रपिंडे मिळून त्याच्या जोडीला सुमारे 1 लिटर पाणी थोपवून धरतात. हा वाढीव द्रव रक्तवाहिन्यांतही असतो आणि तेथे तो दाब वाढवतो. निरोगी मूत्रपिंड जादा सोडियम एक-दोन दिवसांत बाहेर टाकते. परंतु पोटाभोवती चरबी वाढली, की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या चेतातंतूंची उत्तेजना वाढते, रक्तातील इन्शुलिन चढे राहते आणि ही दोन्ही मूत्रपिंडाला सोडियम परत शोषून घेण्यास भाग पाडतात. शिवाय साचलेली चरबी मूत्रपिंडावर बाहेरून दाबही टाकते. म्हणून तेवढेच मीठ खाऊनही स्थूल माणसाचा रक्तदाब अधिक चढू शकतो. मीठ कमी केल्याने दाब लवकर उतरू लागतो. चरबी घटल्याने मूत्रपिंडाची सोडियम टाकण्याची क्षमता हळूहळू सुधारते. म्हणून दोन्ही हवेत, आणि प्रगती मोजताना रोजच्या आकड्याऐवजी सकाळी शौचानंतर घेतलेल्या वजनाची आठवड्याची सरासरी आणि कंबरेचा घेर पाहावा. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी वाढलेला किलो चरबीचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. आता आपल्या ताटाची डावी बाजू पाहा. कैरीच्या लोणच्याच्या एका चमच्यात साधारण दीड ग्रॅम मीठ जाते. दोन पापडांतले सोडियम सुमारे एक ग्रॅम मिठाइतके भरते, कारण पापडखार हाही सोडियमचाच क्षार असून तो जिभेला मिठाइतका खारट लागत नाही. पोळी, आमटी, भाजी यांना हात लावण्याआधीच दिवसाची निम्मी मर्यादा संपली. पापड तळण्याऐवजी भाजल्याने तेल वाचते, सोडियम तेवढेच राहते. सैंधव रक्तदाब वाढवत नाही, हा समज तर पूर्णपणे चुकीचा आहे. त्याचाही बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो आणि गुलाबी रंग अत्यल्प खनिजांमुळे येतो.

लोणच्यातले मीठ निम्मे करून ते बरणीत मुरवावे म्हटले तर बुरशी येते, कारण मीठच ते टिकवत असते. म्हणून ताजे लोणचे करावे: कैरीच्या बारीक फोडींना मोहरीची पूड, हळद, तिखट, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेलाची हिंगाची फोडणी. हे फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. तेल मात्र मोजूनच घ्यावे, कारण एका चमच्यात सुमारे 45 कॅलरी असतात. आंबटपणामुळे कमी मीठही जिभेला अधिक जाणवते, म्हणून आमटीत एखादे आमसूल वाढवून मीठ घटवता येते. भाजीत शिजताना मीठ निम्मेच घालावे आणि वाढताना अगदी थोडे वरून भुरभुरावे, कारण पृष्ठभागावरचे मीठ थेट जिभेला लागते आणि कमी पुरते. कोशिंबिरीतही मीठ आयत्या वेळीच घालावे. पापडाचा कुरकुरीतपणा हवा असेल, तर पातळ भाकरीचा तुकडा मंद आचेवर कडक भाजावा.

पहिले काही आठवडे जेवण अळणी लागते. दोन-तीन महिन्यांत जिभेची आवड बदलते आणि पूर्वीची आमटी खारट वाटू लागते; मधूनच जुन्या चवीकडे वळले तर हा बदल लांबतो.

पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ काहींना उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते; ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मीठ आणि वजन दोन्ही घटत असताना गोळ्यांचा जुना डोस जास्तही ठरू शकतो. उठून उभे राहताना चक्कर येऊ लागली, तर गोळी स्वतःहून बंद न करता घरी घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदी घेऊन लवकर डॉक्टरांकडे जावे.