फलंदाजीच्या क्रमाचे पत्र

क्रिकेटमध्ये मालिका सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना जे लेखी टिपण देतो, त्यात कोण कितव्या क्रमांकावर आणि कोणत्या परिस्थितीत फलंदाजीला जाईल, हे कारणांसह सांगितलेले असते. काही संघांत हेच बैठकीत तोंडी सांगितले जाते. लेखी पत्राचा फायदा असा, की चौथ्याऐवजी सहाव्या क्रमांकावर जाणाऱ्याला कारण पॅड बांधताना घाईत ऐकावे लागत नाही. ते त्याने आधीच शांतपणे वाचलेले असते.

या पत्राला खेळाच्या नियमांत कोणतेही स्थान नाही. नाणेफेकीपूर्वी कर्णधाराला ११ खेळाडूंची नावे लेखी द्यावी लागतात, पण ते कोणत्या क्रमाने खेळतील हे कोणालाही कळवावे लागत नाही. बेसबॉलमध्ये फलंदाजांचा क्रम सामन्यापूर्वी जाहीर होतो आणि मोडता येत नाही. क्रिकेटमध्ये प्रत्येक विकेटनंतर तो बदलता येतो. प्रत्यक्ष सामन्यात शेवटचा शब्द कर्णधाराचा असतो. म्हणून कर्णधाराशी आधी न बोलता पाठवलेले पत्र पहिली विकेट पडेपर्यंतच टिकते.

क्रम म्हणजे गुणवत्तेची यादी, असा समज मैदानाबाहेर फार पक्का आहे. मुलगा सातव्या क्रमांकावर गेला की पालकांना तो त्याचा अपमान वाटतो. प्रशिक्षक मात्र क्रमांकाकडे वेळेच्या हिशेबाने पाहतो: हा फलंदाज साधारण कितव्या षटकात मैदानात उतरेल, आणि तेव्हा चेंडू कसा असेल? कसोटीत पहिली १५-२० षटके चेंडू कडक असतो, शिवण उठलेली असते आणि चेंडू हवेत वळतो. तिथे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडता येणारे लागतात. वन डाऊनला, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर, जाणाऱ्याला कधी दुसऱ्याच चेंडूनंतर, तर कधी उपाहारानंतर जावे लागते, त्यामुळे त्याला दोन्ही खेळ यावे लागतात. चौथ्या-पाचव्या क्रमांकाला सहसा जुना चेंडू आणि फिरकी मिळते. सहाव्या-सातव्याचे काम दिसते तितके सोपे नसते. ८० षटकांनंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला दुसरा नवा चेंडू घेता येतो, आणि तो बहुधा यांच्याच वाट्याला येतो, तेही समोर शेपूट, म्हणजे फलंदाजीत कच्चे असलेले शेवटचे खेळाडू, उभे असताना.

हा हिशेब अंदाजाने करावा लागत नाही. आपल्या संघाच्या मागच्या दहा-बारा डावांत पहिली, दुसरी, तिसरी विकेट कितव्या षटकात पडली, हे धावफलकाच्या वहीतून काढले की चित्र समोर येते. ज्या संघाची तिसरी विकेट नेहमी १५ षटकांच्या आत पडते, त्या संघाचा पाचव्या क्रमांकाचा फलंदाज खरे तर नवा चेंडूच खेळत असतो. तिथे फटकेबाज ठेवून तो अपयशी ठरला अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

दुसरा विचार डाव्या-उजव्या जोडीचा. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी ऑफ स्पिनरचा चेंडू आत येतो, डावखुऱ्यासाठी बाहेर जातो. एकेक धाव निघत राहिली की गोलंदाजाला टप्पा आणि क्षेत्ररचना सतत बदलावी लागते. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडेवर २७५ धावांचे लक्ष्य होते. ११४ धावांवर विराट कोहली तिसरा बाद झाला तेव्हा त्या स्पर्धेत जबरदस्त खेळत असलेला युवराज सिंग जाईल, असे प्रेक्षकांना वाटत होते. गेला महेंद्रसिंग धोनी. समोर गौतम गंभीर हा डावखुरा होता, युवराजही डावखुरा, आणि श्रीलंकेकडे मुरलीधरन व रणदिव हे ऑफ स्पिनर होते. मुरलीधरनची गोलंदाजी धोनीला चेन्नईच्या आयपीएल संघातल्या सरावामुळे चांगली परिचयाची होती. त्या दोघांनी १०९ धावा जोडल्या आणि धोनी ९१ वर नाबाद राहिला.

हे सगळे पत्रात कसे उतरते, ते एका कल्पित नमुन्यावरून पाहता येईल. जिल्ह्याचा १९ वर्षांखालील संघ ५० षटकांचे तीन सामने संथ खेळपट्टीवर खेळणार आहे. प्रशिक्षक लिहितो :

‘मुलांनो, सलामीचे दोघे तिन्ही सामन्यांत तेच राहतील. दोघेही शून्यावर गेले तरी दुसऱ्या सामन्यात तेच जाणार, तेव्हा जागा टिकवण्यासाठी खेळू नका. तिसरी जागा एका नावाची नाही. पहिली विकेट दहा षटकांच्या आत पडली तर कर्णधार जाईल, कारण चेंडू सोडणे तुमच्यात त्याला सगळ्यांत चांगले जमते. दहा षटकांनंतर पडली तर आपला डावखुरा जाईल. त्या वेळी समोर फिरकी असेल आणि तो स्वीप चांगला मारतो. राहिलेला चौथा. यष्टिरक्षक पाचवा, पण आपण आधी क्षेत्ररक्षण केले असेल तर सहावा, कारण ५० षटके उठबस केल्यावर त्याला बसायला वेळ हवा. त्याच्या जागी तेव्हा आपला ऑफ स्पिनर पाचवा जाईल. सातव्या क्रमांकाच्या फटकेबाजाने एक अट लक्षात ठेवावी : ४० षटके झाल्यावर जी विकेट पडेल ती चौथी किंवा त्याआधीची असेल, तर पुढे तूच जाशील. ज्याचा नंबर त्यामुळे खाली जाईल त्याने हे आजच वाचून ठेवावे. त्या दिवशी मी समजावत बसणार नाही. पुढचे दोघे नेहमी पॅड बांधून तयार असावेत.’

आता समजा, पाठलाग २३१ धावांचा आहे. पहिली विकेट सहाव्या षटकात पडते, कर्णधार जातो. दुसरी २४ व्या षटकात, डावखुरा जातो. तिसरी पडते ती ४१.४ षटकांनंतर, १७२ धावांवर. ५० चेंडूंत ५९ धावा हव्यात. आधी क्षेत्ररक्षण झालेले असल्याने पाचवा नंबर ऑफ स्पिनरचा, पण अट लागू होते आणि फटकेबाज पाचवा जातो. ऑफ स्पिनर पॅड बांधून बसून राहतो. तो चिडेल हे उघड आहे, पण निर्णय ऐन वेळी त्याच्यावर रागावून घेतलेला नाही, हे त्याला माहीत असते. पत्राचा उपयोग खरा तिथे होतो. शेवटच्या सूचनेमागे नियम आहे : विकेट पडल्यावर नव्या फलंदाजाने ठरलेल्या वेळेत चेंडू खेळायला तयार व्हावे लागते. मूळ नियमांत ही मुदत ३ मिनिटांची, आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत २ मिनिटांची. २०२३ च्या विश्वचषकात दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज एकही चेंडू न खेळता याच कारणाने बाद ठरला.

नमुन्यात सलामीच्या जोडीला तीन सामन्यांची हमी आहे. पत्रातल्या सर्वांत मोलाच्या ओळी त्याच. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध रोहित शर्माला कसोटीत पहिल्यांदा सलामीला पाठवायचे ठरले, तेव्हा मालिकेआधीच्या सराव सामन्यात तो दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. जागा तरीही त्याचीच राहिली, आणि विशाखापट्टणमच्या कसोटीत त्याने १७६ आणि १२७ धावा केल्या. त्या संघाचे प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी स्वतः १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळताना दहाव्या क्रमांकावर फलंदाजी केली होती, आणि १९९२ मध्ये सिडनीला सलामीला येऊन २०६ धावा काढल्या होत्या. मुंबईच्या या दोन फलंदाजांकडे पाहिले की क्रमांक माणसाला जन्माने चिकटलेला नसतो हे मान्य करावे लागते.

उलट उदाहरण २००७ च्या विश्वचषकाचे. ग्रेग चॅपेल प्रशिक्षक असताना सचिन तेंडुलकरला वेस्ट इंडीजमध्ये मधल्या फळीत ठेवण्यात आले. १९९४ पासून एकदिवसीय सामन्यांत त्याची ओळख सलामीवीराची होती. विचार कागदावर मूर्खपणाचा नव्हता : संथ खेळपट्ट्या, मधल्या षटकांत अनुभवी माणूस. पण बांगलादेशाविरुद्ध ७, बर्म्युडाविरुद्ध नाबाद ५७ आणि श्रीलंकेविरुद्ध ०, एवढ्यात भारताची स्पर्धा पहिल्या फेरीतच संपली. तीन डावांवरून तो बदल चूक होता असे सिद्ध होत नाही. मात्र इतक्या छोट्या स्पर्धेत नवी भूमिका अंगवळणी पडायला वेळच नसतो, आणि प्रशिक्षकाने असा बदल लिहिण्यापूर्वी आपल्या हातात किती डाव आहेत ते मोजायला हवे होते, असे म्हणता येते.

पत्राची मर्यादा दाखवणारा सामना मार्च २००१ मधला, कोलकात्याचा. ऑस्ट्रेलियाच्या ४४५ धावांसमोर भारत १७१ वर गारद झाला. त्या डावात व्ही. व्ही. एस. लक्ष्मण सहाव्या क्रमांकावर आला आणि ५९ धावा करून शेवटचा बाद झाला. फॉलोऑन मिळताच प्रशिक्षक जॉन राइट आणि कर्णधार सौरव गांगुली यांनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर नेले आणि नेहमी वन डाऊन जाणारा राहुल द्रविड सहाव्या क्रमांकावर गेला. हा बदल कोणत्याही आकडेवारीतून आलेला नव्हता. एक फलंदाज त्या दिवशी चेंडू बॅटच्या मध्यावर घेत होता, दुसऱ्याला धावा मिळत नव्हत्या, एवढेच. ५२ वर पहिली विकेट पडल्यावर लक्ष्मण गेला. चार बाद २३२ वर द्रविड आला. दोघांनी ३७६ धावांची भागीदारी केली, लक्ष्मणने २८१, द्रविडने १८०. सामना भारताने १७१ धावांनी जिंकला. या गोष्टीत लक्ष्मणचे कौतुक फार होते; क्रमांक सोडून खाली गेलेल्या द्रविडने तिथेही १८० काढल्या, याकडे प्रशिक्षकाने अधिक लक्ष द्यावे.

याहून धाडसी उलथापालथ १९३७ च्या सुरुवातीला मेलबर्नला झाली. पावसाने भिजलेल्या, उन्हात वाळू लागलेल्या खेळपट्टीवर डॉन ब्रॅडमनने ओ’रायली आणि फ्लीटवुड-स्मिथ या गोलंदाजांना सलामीला धाडले. खेळपट्टी सुधारेपर्यंत विकेट गेल्या तर शेपटाच्या जाव्यात, हा हिशेब होता. स्वतः तो सातव्या क्रमांकावर आला, पाच बाद ९७ असताना, आणि जॅक फिंगलटनबरोबर ३४६ धावा जोडून २७० वर थांबला. आज कसोटीत दिवसाच्या शेवटी पाठवला जाणारा ‘नाइट वॉचमन’ त्याच विचाराचा छोटा अवतार. तो कोण असेल हे मात्र पत्रात नावानिशी लिहिलेले असते, कारण संध्याकाळी साडेचारला त्यावर चर्चा करायला कोणालाही उत्साह नसतो.

पत्र मालिकेच्या मध्यावर बदलते का? बदलावे, पण आधीची अट चुकीची ठरल्याचे दिसले तरच. एखादा फलंदाज दोनदा शून्यावर गेला हे कारण पुरेसे नाही. तो तीनही वेळा ठरलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा षटके आधी किंवा नंतर उतरला असेल, तर दोष क्रमांकाचा आहे. वरच्या नमुन्यात दोन सामन्यांत दोन्ही वेळा पहिली विकेट आठव्या षटकाच्या आत पडली, तर डावखुरा तिसऱ्या क्रमांकावर कधी जाणारच नाही; मग तिसऱ्या सामन्याआधी ती अट काढून कर्णधाराला कायमचे वन डाऊन करणे बरे. सुधारित पत्रात फक्त बदललेली ओळ आणि तिचे कारण येते, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी दिले जाते. ज्याचा क्रमांक खाली गेला त्याला मात्र प्रशिक्षक त्याआधी एकट्याला गाठून सांगतो.