पगार सारखा, तरी तक्रार का? न्याय्यतेच्या सिद्धान्ताची पार्श्वभूमी

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्स यांनी १९५३ मध्ये एका अमेरिकन कंपनीच्या हिशेब विभागाविषयी लेख प्रसिद्ध केला. या विभागात तरुण मुलींचे दोन गट काम करीत असत. ग्राहकांनी भरलेल्या बिलांची रोजच्या रोज आणि ठरलेल्या वेगाने नोंद करण्याचे काम एका गटाकडे होते. त्यांना आपण भरणा कारकून म्हणू. दुसरा गट खातेवही कारकुनांचा. त्यांचे काम विविध प्रकारचे आणि अधिक जबाबदारीचे असून काही काळ भरणा विभागात काढल्यानंतरच ती जागा मिळत असे. त्यामुळे ती बढती समजली जाई. पगार मात्र दोन्ही गटांना एकच होता. शिवाय भरणा विभागात माणसे कमी पडली की खातेवही कारकुनांनाच तात्पुरते तिकडे पाठवले जाई.

खातेवही कारकुनांच्या बोलण्यात पगार अपुरा असल्यापेक्षा तो भरणा कारकुनांच्या पगाराइतकाच असल्याची तक्रार अधिक होती. आठवड्याला काही डॉलरचा फरक असता तरी आपल्या कामाचा दर्जा मान्य झाल्यासारखे त्यांना वाटले असते. तुलना ज्या जबाबदारीशी आणि ज्येष्ठतेशी जोडलेली होती, तिची नोंद पगारपत्रकात कुठेच उमटत नव्हती. न्याय्यतेच्या सिद्धान्ताचा, म्हणजे इक्विटी थिअरीचा, गाभा या एका विभागात जवळजवळ पूर्णपणे दिसतो, म्हणून पुढे पुन्हा तिकडेच वळू.

माणूस मिळालेल्या गोष्टीचे मोल आजूबाजूच्यांशी ताडून ठरवतो, हे त्याच सुमारास आणखी एका ठिकाणी ध्यानात आले होते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या पाहण्यांवर सॅम्युअल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, तर लष्करी पोलिसांत त्या फार थोड्यांना मिळत; तरीही बढतीच्या पद्धतीविषयी अधिक नाराजी हवाई दलातच होती. बरोबरीचे अनेक जण पुढे गेलेले दिसत असताना मागे राहणे बोचते. सगळेच जागच्या जागी असतील, तर ते तितके बोचत नाही.

या निरीक्षणांना नेमके रूप दिले ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी ॲडम्स यांनी, १९६३ आणि १९६५ मधील लेखांतून. कर्मचारी आपण काय दिले आणि काय मिळाले याचे प्रमाण मनात मांडतो आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी प्रमाणाशी ताडतो, अशी त्यांची मांडणी होती. देण्याच्या बाजूला शिक्षण, अनुभव, कष्ट, जबाबदारी. मिळण्याच्या बाजूला पगार, पद, मान, कामाची गोडी. मात्र एखादी गोष्ट देणाऱ्याला महत्त्वाची वाटली, पण मालकाने तिची दखलच घेतली नाही, तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत. माझ्या मते ॲडम्स यांचा सर्वांत उपयोगी आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

प्रमाणे जुळली नाहीत की अस्वस्थता निर्माण होते आणि ती कमी करण्याच्या वाटा माणूस शोधतो. काम कमी करणे, पगारवाढ मागणे, तुलनेसाठी दुसरा माणूस निवडणे, स्वतःचीच समजूत घालणे किंवा नोकरी सोडणे, या त्यातील प्रमुख. यांपैकी पगारवाढीची मागणी तेवढी साहेबापर्यंत शब्दांत पोहोचते. बाकीच्या गोष्टी वर्तनातून ओळखाव्या लागतात: पूर्वी स्वतःहून घेतलेली कामे आता सांगितल्याशिवाय होत नाहीत, रजा वाढतात, नव्या सहकाऱ्याला शिकवण्यात टाळाटाळ होते.

सिद्धान्ताची एक बाजू मात्र कमजोर ठरली. जास्त पगार मिळाला तरी माणूस अस्वस्थ होतो आणि अधिक काम करून त्याची भरपाई करतो, असे ॲडम्स म्हणत. १९६२ च्या एका प्रयोगात त्यांनी मुलाखती घेण्याच्या कामावर विद्यार्थ्यांना तासाला साडेतीन डॉलरने नेमले आणि त्यांतील निम्म्यांना तुमची पात्रता या दराइतकी नाही असे सांगितले. त्यांनी खरोखरच तासाला अधिक मुलाखती घेतल्या. मात्र टीकाकारांचा आक्षेप असा होता की, अपात्र म्हटल्यामुळे दुखावलेला विद्यार्थी आपली लायकी सिद्ध करण्यासाठीही झटला असेल. हा आक्षेप मला रास्त वाटतो; जादा पगाराची टोचणी मनात फार काळ टिकत नाही, कमी पगाराची टिकते.

पगार कसा ठरला आणि तो कसा सांगितला, याकडे अभ्यासकांचे लक्ष नंतर वळले. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका उत्पादक कंपनीने काम घटल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली होती. एका कारखान्यात सुमारे दीड तासाची सभा घेऊन कारणे सविस्तर सांगितली, दिलगिरी व्यक्त केली आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्यात सुमारे पंधरा मिनिटांत निर्णय कळवून बैठक संपवली. कपातीच्या काळात चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण दुसऱ्या कारखान्यात त्या बऱ्याच अधिक होत्या आणि नोकरी सोडणारेही तिथेच जास्त होते. पूर्ण पगार सुरू झाल्यावर चोऱ्यांचे प्रमाण पुन्हा पूर्ववत झाले.

आता खातेवही कारकुनांकडे परत येऊ. त्यांच्या व्यवस्थापकाने काय करायला हवे होते? आधी तुलना नेमकी कोणाशी होते आहे हे त्यांनाच विचारायला हवे होते. बाजारातील सरासरी पगाराचा तक्ता पुढे ठेवून उपयोग झाला नसता, कारण त्यांचे डोळे शेजारच्या टेबलावर होते. त्यानंतर देण्याच्या बाजूचे काय मोजले जात नाही ते पाहायचे: इथे जबाबदारी आणि बढतीपूर्वीची वर्षे. उपाय मोठा नव्हता. दोन श्रेणी वेगळ्या करून थोडा फरक ठेवायचा आणि भरणा विभागातील तूट भरून काढण्यासाठी दुसरी सोय करायची. पैसा त्या वर्षी नसेलच, तर निदान ही दुसरी गोष्ट बिनखर्चाने करता आली असती, कारण पगार तोच ठेवून खालच्या दर्जाच्या कामाला जुंपणे हा मानाच्या बाजूने केलेला वजावटीचा व्यवहारच होता.

पगार गुप्त ठेवल्याने तुलना थांबते, ही समजूतही टिकत नाही. एडवर्ड लॉलर यांना १९६५ च्या अभ्यासात आढळले की, पगार गुप्त असलेल्या संस्थांतील व्यवस्थापक हाताखालच्यांचा पगार प्रत्यक्षाहून जास्त आणि वरिष्ठांचा प्रत्यक्षाहून कमी समजत. तुलना चालूच होती, फक्त चुकीच्या आकड्यांवर.

फरक ठेवायचाच असेल तर त्याचे कारण दिसायला हवे, हे ओडिशातील एका प्रयोगाने दाखवले. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यासारख्या जागी काम करणाऱ्या मजुरांच्या छोट्या गटांपैकी काहींत सर्वांना एकच रोज, तर काहींत आधीच्या उत्पादकतेनुसार वेगवेगळा रोज दिला गेला. हातात पडणारी रक्कम तीच असूनही, सोबत्यांना जास्त मिळते हे ज्यांना दिसत होते त्यांचे काम आणि हजेरी दोन्ही घसरली. परंतु ज्या कामात कोणी किती माल केला हे मजुरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई, किंवा उत्पादकतेतील फरक स्पष्ट असे, तिथे ही घसरण आढळली नाही. व्यवस्थापकाला याचा अर्थ असा की, पगारातील तफावत ज्या कामगिरीवर बेतली आहे, ती मोजणारे माप कर्मचाऱ्यांच्या समोर असले पाहिजे आणि वर्षभर तेच असले पाहिजे. जिथे कामगिरी दिसण्यासारखी नसते, उदाहरणार्थ सल्ला, संशोधन किंवा ग्राहकांची समजूत काढण्याचे काम, तिथे तफावत लहान ठेवून ज्येष्ठता आणि जबाबदारी यांसारख्या सर्वांना माहीत असलेल्या निकषांवर ती बसवणे अधिक सुरक्षित ठरते.